पंधरावं मत

"मिल बंद असेल तर सोमवार कुठून आणायचा?" आमच्या विभागाचे प्रमुख एकदा चहा पिताना म्हणाले होते. त्यांच्या समोर परळच्या आमच्या हॉस्पिटलच्या छातीच्या ओपीडीतले तीन केसपेपर होते. तिन्ही माणसं पूर्वी कापड गिरणीत, कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात काम करणारी होती. तिघांनाही जिना चढला की धाप लागायची.

कापसाच्या बारीक धुळीने छातीचा जो आजार होतो, त्याची एक ठरलेली खूण असते. सुट्टीनंतर माणूस पहिल्या दिवशी खात्यात शिरला की दुपारपर्यंत त्याची छाती आवळून येते, श्वास अडकतो. मंगळवारी त्रास कमी होतो, बुधवारी बहुतेकांचा जातो. सुरुवातीची वर्षं असंच चालतं. पुढे तो त्रास आठवडाभर राहायला लागतो आणि शेवटी सुट्टीतही जात नाही. म्हणून डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो सोमवारचा. पण गिरण्यांचा मोठा संप होऊन गेला होता, अर्ध्याअधिक गिरण्यांचे भोंगे बंद झाले होते आणि आमच्याकडे येणाऱ्या माणसांना सोमवार आणि गुरुवार सारखेच होते. त्यांची कामावर जाण्याआधी आणि पाळी संपल्यावर यंत्रात फुंकायला लावून श्वास मोजायची आणि फरक बघायची सोयच उरली नव्हती. धुळीनेच आजार झाल्याचा दाखला मिळाला तर भरपाई मिळायची, पण वैद्यकीय मंडळ त्यांचे अर्ज परत पाठवत होतं. कागदावर शेरा एकच असायचा: ब्राँकायटिस, बिडीमुळे.

सरांनी ठरवलं की असा आजार आता कशावरून ओळखायचा, हे या विषयातल्या जाणकारांनाच विचारायचं. एका खोलीत बसवून नाही. खोलीत बसवलं की ज्याचा आवाज मोठा त्याचं मत होतं, हे त्यांनी पुष्कळ वेळा पाहिलं होतं. पोस्टाने प्रश्नावली पाठवायची, प्रत्येकाने आपल्या घरी बसून भरायची, आणि कोणी काय लिहिलं ते दुसऱ्याला कळू द्यायचं नाही. मग सगळ्यांच्या उत्तरांचा गोषवारा प्रत्येकाला परत पाठवायचा, आपलं मत पुन्हा तपासायला सांगायचं. अशा तीन फेऱ्या. पंधरा जण निवडले: छातीचे डॉक्टर, गिरण्यांच्या दवाखान्यांत आयुष्य काढलेले डॉक्टर, कारखान्यांतली हवा मोजणारे तज्ज्ञ, एक पॅथॉलॉजिस्ट. आणि हे सगळं सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा विभागात नवीन लेक्चरर होते.

मी त्याच दिवशी सरांना सांगितलं, "सर, माझे वडील कार्डिंगमध्ये होते. संपानंतर घरी आहेत. त्यांनाही हा त्रास आहे."

सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "त्यांचा अर्ज आहे मंडळाकडे?"

"परत आलाय."

"मग तू मत द्यायचं नाहीस," ते म्हणाले. "प्रश्नावलीतल्या विधानांची भाषाही तू ठरवायची नाहीस, ती मी बघेन. तू फक्त पाठवायचं, गोळा करायचं आणि मोजायचं. आणि हे मी प्रस्तावाच्या पहिल्या पानावर लिहिणार आहे. चालेल?"

मी हो म्हटलं. मोजण्यात काय एवढं, असं मला वाटलं होतं.

आम्ही तेव्हाही लालबागच्या चाळीतच राहत होतो. बाबा सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. माझ्या लहानपणी सोमवारी संध्याकाळी ते घरी आले की कोणाशी बोलायचे नाहीत. भिंतीला पाठ लावून, गुडघे वर घेऊन बसायचे. आई आम्हाला खुणेने गप्प करायची. संप सुरू झाला तेव्हा मी मेडिकलला होते. घरात चणचण होती, पण दोन महिन्यांत बाबांचा खोकला उतरला. आई शेजारणींना सांगायची, संपाने सगळं नेलं पण यांची छाती मोकळी केली. पुढे गिरणीने त्यांना परत घेतलं नाही. आणि मग काही वर्षांनी, कामावर नसतानाच, धाप लागायला लागली. ती गेली नाही.

पहिल्या फेरीत बावीस विधानं होती. प्रत्येक विधानाला एक ते नऊ यातला एक आकडा द्यायचा होता. एक म्हणजे अजिबात मान्य नाही, नऊ म्हणजे पूर्ण मान्य. एकमत कशाला म्हणायचं हे सरांनी पहिलं पाकीट पोस्टात पडण्याआधी लिहून सगळ्यांना कळवलं होतं. तीन अटी होत्या आणि तिन्ही पाळल्या गेल्या पाहिजेत. निदान पंच्याहत्तर टक्के लोकांनी सात किंवा वर आकडा दिलेला हवा. मीडियन, म्हणजे सगळे आकडे चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येतो तो, सात किंवा वर हवा. आणि आयक्यूआर, म्हणजे मधली निम्मी माणसं जेवढ्या अंतरात पसरली आहेत ते अंतर, दोनपेक्षा जास्त नको.

माझा जीव अडकला होता चौदाव्या विधानात. ते असं होतं: 'काम सुटून वर्षं उलटली असली तरी, काम चालू असताना सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळत असे, असं रुग्णाने स्वतः सांगितल्यास ते निदानासाठी ग्राह्य धरावं.'

बाबांकडे दुसरं काही नव्हतंच. ते त्या काळात कधी दवाखान्यात गेले नव्हते. छाती भरते म्हणून सांगितलं की कार्डिंगमधून काढून झाडलोटीला लावतील, या भीतीने त्यांच्या खात्यातलं सहसा कोणी जात नसे. त्यांच्याजवळ होतं ते फक्त त्यांचं सांगणं.

पंधराही पाकिटं परत आली. मी आकडे कागदावर मांडले. सरांनी माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं. "चौदाला मीडियन सात. वा."

"सर, पण हे बघा." मी कागद त्यांच्याकडे वळवला. दोन, तीन, तीन, चार, पाच, पाच, सहा. मग सात, सात, सात, आठ, आठ, आठ, नऊ, नऊ. "मधला माणूस सातावर उभा आहे इतकंच. पंधरातले आठच सात किंवा वर आहेत, म्हणजे त्रेपन्न टक्के. आणि आयक्यूआर चार येतो. खालचे चार-पाचात अडकलेत, वरचे आठात. हे एकमत नाही, हे दोन तट आहेत."

सरांनी चष्मा काढून पुसला. "बरं झालं मोजायला तू आहेस," ते म्हणाले. मला मात्र त्या क्षणी मोजणारी मी नसते तर बरं, असं वाटत होतं.

दुसऱ्या फेरीत प्रत्येकाला तीन गोष्टी पाठवल्या: त्याचा स्वतःचा आधीचा आकडा, सगळ्यांचा मीडियन आणि पसारा, आणि दोन्ही बाजूंनी लोकांनी लिहिलेली कारणं, नावांशिवाय. कोणी लिहिलं होतं, रुग्णाची आठवण हाच वैद्यकशास्त्राचा पाया आहे. कोणी लिहिलं होतं, दाखला मिळणार हे कळलं की सगळ्यांनाच सोमवार आठवेल. हे दुसरं वाक्य टाइप करताना माझे कान तापले. मी ते जसंच्या तसं टाइप केलं.

त्या फेरीत एका तज्ज्ञांची प्रश्नावली मुदतीत आली नाही. सरांनी त्यांना दोन दिवस वाढवून दिले आणि शिपायाला शिवडीला त्यांच्या ऑफिसात पाठवून ती आणवली. चौदाव्या विधानाचा आयक्यूआर तीनवर आला, सहमती साठ टक्क्यांवर गेली. मीडियन सातच. सरकत होतं, पण हळू.

त्याच आठवड्यात आमच्या पंधरा जणांतल्या एका प्राध्यापकांचा फोन आला. दुसऱ्या हॉस्पिटलात छातीचे मोठे डॉक्टर होते ते, गिरणी कामगारांच्या सभांना जायचे, दादरला राहायचे. त्यांच्याबद्दल मला फार आदर होता.

"तळाचे आकडे कोणाचे आहेत?" त्यांनी सरळ विचारलं. "एकदा कळू दे मला. मी बोलतो त्यांच्याशी. दोन मिनिटांचं काम आहे."

"सर, ते सांगता येत नाही."

"अहो, तुमच्या लालबागच्या माणसांसाठीच म्हणतोय मी!"

"माहीत आहे सर. तरी नाही सांगता येत."

त्यांनी फोन ठेवला. माझा हात बराच वेळ रिसीव्हरवरच होता. तळाच्या आकड्यांतला एक कोणाचा, हे मला माहीत होतं. गिरगावात राहणारे एक निवृत्त डॉक्टर. गिरणीच्या दवाखान्यात त्यांची पूर्ण नोकरी झाली होती. पहिल्या फेरीत तीन, दुसऱ्या फेरीत चार.

तिसरी फेरी शेवटची. ज्या विधानांवर एकमत झालं होतं ती बाजूला काढून उरलेली पाचच पाठवली. मुदत शनिवारी दुपारपर्यंत. शनिवारी दुपारी माझ्या टेबलावर चौदा पाकिटं होती. पंधरावं, गिरगावचं, आलं नव्हतं.

मी चौदांची बेरीज-मांडणी केली. दोनदा केली. चौदाव्या विधानाला चौदातल्या अकरा जणांनी सात किंवा वर आकडा दिला होता. एकोणऐंशी टक्के. मीडियन साडेसात. आयक्यूआर एक. तिन्ही अटी पार.

कागद घेऊन मी सरांच्या खोलीत गेले. त्यांनी आकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. "झालं तर मग! मुदत संपली. चौदांवर लिहून टाकू. एखादा गळतोच शेवटच्या फेरीत, सगळीकडे गळतो."

मी उभीच राहिले.

"काय गं?"

"सर, पंधरापैकी बारा लागतात. अकरा असले तर त्र्याहत्तर टक्के होतात. त्यांचं मत आलं आणि ते खाली असलं तर हे विधान पडतं. नाही आलं तर पास होतं."

"म्हणून तर म्हणतोय, मुदत संपली."

"मागच्या फेरीत एकांना आपण दोन दिवस दिले होते. शिपाई पाठवला होता."

 बाहेर कॉरिडॉरमध्ये कोणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं, तिचं एक चाक करकरत होतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, सर, तुम्ही नाही म्हणा. तुम्ही नाही म्हटलंत तर मी गप्प बसेन.

"तुझ्या वडिलांचं काय?" त्यांनी हळूच विचारलं.

"म्हणूनच, सर. पहिल्या पानावर लिहिलंय ना आपण. उद्या कोणी विचारलं की हिच्या वडिलांचा प्रश्न होता आणि नेमकं विरोधातलं पाकीट वगळलं, तर बाकीची विधानंसुद्धा कोणी वाचणार नाही."

"फोन केलास त्यांना?"

"सकाळपासून करतेय. लागत नाही."

"मग जा," सर म्हणाले, आणि पुन्हा चष्मा पुसायला लागले. "सोमवारी सकाळपर्यंत मी थांबतो."

मी बस पकडून गिरगावात उतरले. खोताच्या वाडीच्या पुढे एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर डॉक्टरांचं घर होतं. दार त्यांच्या बहिणीने उघडलं. आत डॉक्टर आरामखुर्चीत बसले होते, उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. माझं पाकीट टेबलावर न उघडता पडलं होतं.

"फोन आठवडाभर मेलाय," ते म्हणाले. "आणि तुमची ती बारीक अक्षरं मला दिसत नाहीत. डावा डोळा नावालाच आहे. मी म्हटलं, एक मत नसलं तर काय बिघडतं?"

"बिघडतं, सर," मी म्हटलं. शब्द तोंडातून जाताच मी जीभ चावली. यापुढे एक शब्दही जास्त बोलायचा नव्हता. "म्हणजे, सगळ्यांचीच मतं हवी आहेत आम्हाला. मी वाचून दाखवू का? आकडा तुम्ही स्वतः घाला. मी बघणार नाही."

त्यांनी मान हलवली. बहिणीने लिहिलेलं त्यांना दिसेल असा जाड स्केचपेन शोधून आणला. मी वाचायला लागले. प्रत्येक विधान, त्यांचा आधीचा आकडा, मीडियन, पसारा, मग दोन्ही बाजूंची कारणं. पहिली चार विधानं सुरळीत गेली. मी वाचायचे, ते ऐकायचे, मी खिडकीकडे तोंड करायचे, आणि पेनचा कागदावर घासल्याचा आवाज आला की वळायचे. कागदावर त्यांनी दुसऱ्या हाताचा तळवा ठेवलेला असायचा.

मग चौदावं आलं.

मी विधान वाचलं. "तुमचा आधीचा आकडा चार. सगळ्यांचा मीडियन सात. मधली निम्मी माणसं पाच ते आठमध्ये." मग कारणं. मान्य असणाऱ्यांची तीन, मान्य नसणाऱ्यांची तीन. शेवटचं होतं दाखल्याचं ते वाक्य.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "हे परत वाचा."

मी परत वाचलं.

"तुमचा आवाज बदलला इथे."

 "चुकलं माझं. पुन्हा सगळीच वाचते, सारख्या आवाजात."

"कुठे राहता तुम्ही?"

"लालबागला."

"घरात कोणी गिरणीत होतं?"

मी हातातल्या कागदाची कड दुमडली आणि परत सरळ केली. खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं सांगितलं असतं तर ते विधानाबद्दल मत देणार नव्हते, माझ्याबद्दल देणार होते. "ते मी तुमचा आकडा घालून झाल्यावर सांगते, सर. आधी नाही."

ते एका डोळ्याने माझ्याकडे बघत राहिले. कितपत दिसत होतं त्यांना कोण जाणे. बहीण स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"वाचा," ते म्हणाले.

मी सहाही कारणं पुन्हा वाचली, वर्गात हजेरी घ्यावी तशी. मग तोंड फिरवलं. खालच्या गल्लीत दोन माणसं हातगाडी कुठे लावायची यावरून भांडत होती. पेनचा आवाज येईना. मग आला. मग पुन्हा थांबला आणि पुन्हा आला. त्यांनी आकड्यापेक्षा जास्त काहीतरी लिहिलं होतं. मी वळले तेव्हा त्यांनी प्रश्नावली पाकिटात घातली होती. बहिणीने डिंक लावून पाकीट चिकटवलं आणि माझ्या हातात दिलं. ते मी पर्समध्ये ठेवलं.

"आता सांगा."

"वडील. कार्डिंगमध्ये. संपापर्यंत."

"कुठली गिरणी?"

मी सांगितली. त्यांची गिरणी ती नव्हती, पण त्यांनी डोळा मिटला.  मग हात पुढे केला. "ते पाकीट द्या जरा."

"का, सर?"

"मला पुन्हा बघायचंय एकदा. एका आकड्याचं. द्या."

पर्स माझ्या मांडीवर होती. तिच्या चेनवर माझं बोट होतं. मी चेन उघडली असती आणि पाकीट दिलं असतं, तर कोणाला कळलं नसतं. त्यांना स्वतःच बदलायचं होतं, मी तर काही म्हटलंही नव्हतं. बाबा गॅलरीतल्या खुर्चीत बसलेले मला दिसत होते, चहाचा कप अर्ध्यावर ठेवून श्वास घेणारे.

"नाही देता येणार, सर," मी म्हटलं. "मघाशी तुम्ही त्या वाक्याला आकडा दिलात. आता द्याल तो माझ्या वडिलांना द्याल."

"आणि त्यात काय वाईट आहे?" ते मोठ्याने म्हणाले. बहीण एक पाऊल पुढे आली. "तीस वर्षं मी पोरांना ब्राँकायटिस लिहून दिलं. एकदा..." ते थांबले. आरामखुर्चीच्या हातावर त्यांची बोटं वाजत होती. मग त्यांनी हात मागे घेतला. "जा तुम्ही. लवकर जा."

मी जिना उतरले. मी चर्नी रोडपर्यंत चालत गेले आणि तिथे बाकावर नुसती बसून राहिले. पाकीट उघडायचा मोह झाला नाही. उलट ते उघडायचं काम दुसऱ्या कोणीतरी करावं असं वाटत होतं.

रविवारी घरी बाबांनी विचारलं, "गो बाय, जेवणात लक्ष नाय तुझा. काय झाला?" मी म्हटलं, कामाचं आहे. त्यांनी पुढे विचारलं नाही. हॉस्पिटलातलं काम म्हणजे गुपित, असा त्यांचा समज होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

सोमवारी सरांनी पाकीट उघडलं. दादरचे प्राध्यापकही येऊन बसले होते. निकाल कळायला ते स्वतः आले होते, म्हणून सरांनी कागद फक्त माझ्याकडे सरकवला. चौदाच्या चौकटीत जाड, वाकडा पाच होता. कारणाच्या जागी दोनच शब्द, ओळीबाहेर गेलेले: 'विचारणार कोण?'

मी आकडे पुन्हा मांडले. पंधरात अकरा. त्र्याहत्तर टक्के. मीडियन सात. आयक्यूआर दोन. दोन अटी काठावर पार, तिसरी नाही. मी तो कागद सरांसमोर ठेवला आणि माझ्या खुर्चीत बसले.

प्राध्यापकांनी आकडे वाचले. "म्हणजे एका माणसाने अडवलं."

"चौघांनी सातच्या खाली दिलंय," सर म्हणाले.

"पंच्याहत्तर तुम्हीच ठरवलं होतंत ना? ते काय वेदात लिहिलंय? सत्तर करा. सत्तर धरणारे पुष्कळ आहेत. अहवालात एक ओळ बदलायची आहे फक्त."

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते टेबलावरच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे बघत होते. मला कळत होतं की त्यांना ते हवं होतं. मलाही हवं होतं. माणसं खरोखर आजारी होती, ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

"सत्तर पहिल्या फेरीआधी ठरवलं असतं तर चाललं असतं," सर शेवटी म्हणाले. "आता आकडा बघून रेघ सरकवली, तर मंडळात बसलेला पहिलाच माणूस विचारेल की आणखी काय काय सरकवलं. आणि मग जी सतरा विधानं पार झालीत तीही जातील."

"आणि तोवर माणसं मरतील."

"हो," सर म्हणाले. "काही मरतील."

प्राध्यापक उठून गेले. दार त्यांनी आपटलं नाही, नुसतं उघडं टाकलं. अहवालात चौदावं विधान 'एकमत झालं नाही' या तक्त्यात गेलं. पण सरांनी एक केलं: तिन्ही फेऱ्यांचे तिन्ही आकडे त्यापुढे छापले. त्रेपन्न, साठ, त्र्याहत्तर. सात, सात, सात. चार, तीन, दोन. वाचणाऱ्याला दिसावं की माणसं जवळ येत होती.

बाबांना मी त्या रात्री जेवण झाल्यावर सांगितलं. सगळं नाही, गिरगावचं काही नाही. पंधरा डॉक्टरांना विचारलं आणि अकरा जण म्हणाले तुमचं सांगणं मानावं, एवढंच.

"अकरा?" बाबा सरळ बसले. "मगे मी निवडून इलंय की!"

"बारा लागत होते, बाबा."

"निवडणुकीत आठ पुरे होतात."

"ही निवडणूक नव्हती."

ते हसले आणि हसण्याचा खोकला झाला. आई पाणी घेऊन आली. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "पण अकरा शिकलेली माणसां म्हणतत, ह्यो खोटा बोलणा नाय. होय ना?" मी हो म्हटलं. एवढ्यावर ते बराच वेळ समाधानी दिसत होते. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

पुढे काही महिन्यांनी गिरगावचे डॉक्टर आमच्या विभागात आले. डोळा बरा झाला होता. त्यांनी सरांना सांगितलं की त्यांचं भांडण माणसाच्या आठवणीशी नव्हतं. "सोमवारी छाती भरायची का, असं विचारलंत तर कोणीही हो म्हणणार. विचारण्याची रीत ठरवा. प्रश्न तेच, क्रम तोच, विचारणारा बाहेरचा. मग मी सात देईन." सरांनी त्या कामाला त्यांनाच बसवलं. ते मंगळवारी ओपीडीत येऊन बसायचे आणि गिरण्यांतल्या माणसांशी बोलून प्रश्न घासूनपुसून तयार करायचे. दिवसाचं नाव आधी काढायचं नाही, बिडीचं आधी विचारायचं नाही, असे त्यांचे नियम होते. पुढे त्या प्रश्नांसकट सुधारलेलं विधान नव्याने निवडलेल्या जाणकारांपुढे ठेवलं, ते दुसऱ्याच फेरीत पार झालं. तेव्हा मोजायला मी नव्हते, मी स्वतःच नको म्हटलं होतं. वैद्यकीय मंडळाने हळूहळू ते मानायला सुरुवात केली आणि बाबांच्या खात्यातल्या काही जणांना दाखले मिळाले.

बाबाही एका मंगळवारी आले. मी त्यांना दारापर्यंत सोडलं आणि पडद्याच्या बाहेर थांबले. ते माझे वडील आहेत हे डॉक्टरांना माहीत नव्हतं. आमच्या आडनावाची माणसं ओपीडीत पुष्कळ यायची.

"आठवड्यातले सगळे दिवस सारखे जायचे, की एखादा वेगळा?" डॉक्टरांनी विचारलं.

बाबा विचार करत राहिले. मी पडद्याची कड धरून उभी होते. सांगा, मी मनात म्हणत होते, ते भिंतीला टेकून बसणं सांगा, आई आम्हाला गप्प करायची ते सांगा.

"सगळेच वाईट जायचे, सायेब," बाबा म्हणाले. "आता वेगळो असो कुठलो सांगू?"

डॉक्टरांनी दुसऱ्या शब्दांत विचारलं. बाबांनी पुन्हा तेच सांगितलं. शेवटच्या वर्षांत त्यांचा त्रास आठवडाभर पसरला होता, आणि आधीची वर्षं त्यांच्यासाठी त्याखाली बुजून गेली होती. माझ्या आठवणीत होते ते सोमवार त्यांच्या आठवणीत नव्हते. मी पडदा सारून आत जाऊन सांगू शकत होते. पण मुलीची आठवण हा त्या प्रश्नांतला प्रश्न नव्हता.

त्यांच्या कागदावर 'संदिग्ध' असा शेरा आला. दाखला मिळाला नाही.

बाहेर आल्यावर बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही लालबागकडे चालायला लागलो, दर थोड्या अंतरावर थांबत. "डॉक्टर चांगलो हा," ते म्हणाले. "इतकी वर्षां झाली, पण असा बसान कोणी इचारल्यान नव्हता." पुलाजवळ ते कठड्याला टेकून उभे राहिले. मी त्यांची पिशवी घेतली, आणि त्यांचा श्वास जागेवर येईपर्यंत आम्ही दोघं रस्त्यावरची वाहनं बघत थांबलो.